स्प्रिंट रिव्ह्यू आणि रेट्रोची वेळ कशी ठरवायची: मुंबई आणि सिएटलमध्ये विभागलेल्या टीमसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं एका ठरावीक टीमला धरून लिहिली आहेत. पाच जण मुंबईत, म्हणजे कोणी ठाण्यात, कोणी डोंबिवलीत, कोणी अंधेरीत. चार जण सिएटलमध्ये, आणि प्रॉडक्ट ओनर त्यांच्यातच आहे. काम ज्यांच्यासाठी चाललं आहे ती स्टेकहोल्डर मंडळीही तिकडचीच. स्प्रिंट दोन आठवड्यांचा. तुमची दुसरी बाजू सॅन फ्रान्सिस्को किंवा लॉस एंजेलिसला असेल, तर आकडे जसेच्या तसे लागू पडतील, कारण ही तिन्ही शहरं एकाच घड्याळावर चालतात. न्यूयॉर्क असेल तर फरक तीन तासांनी कमी होतो आणि प्रश्न बराच सोपा होतो.

मुंबई आणि सिएटलमध्ये नक्की किती तासांचा फरक आहे?

उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं, तिकडचं वर्षातून दोनदा सरकतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतं. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर अशा आहेत.

साडेबारा तास म्हणजे जवळपास उलटा दिवस. नऊ ते सहाची कचेरी दोन्हीकडे धरली, तर दोघांच्याही कामाच्या वेळेत बसेल असं एक मिनिटही सापडत नाही. त्यामुळे सगळ्यांच्या सोयीची वेळ शोधत बसू नका, ती नाहीच. गैरसोय कोणाची, किती आणि कधी, हे उघडपणे ठरवायचं आहे. ते ठरवलं नाही तर सवयीने एकाच शहरावर पडतं, आणि आपल्याकडच्या टीम्समध्ये ते शहर बहुतेक वेळा मुंबई असतं.

रिव्ह्यू आणि रेट्रो एकापाठोपाठ घेतले तर काय बिघडतं? दोन तासांत सगळं उरकतं.

एकाच ठिकाणच्या टीमला ते चालतं. इथे मात्र दोन्ही बैठकांना येणारी माणसं वेगळी असतात, आणि त्यावरूनच वेळ ठरायला हवी.

रिव्ह्यूला टीमबरोबर स्टेकहोल्डर असतात. ते तुमच्यासाठी संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप उघडतील ही अपेक्षा ठेवू नका. दोन वेळा येतील, तिसऱ्या वेळी ‘रेकॉर्डिंग पाठवा’ म्हणतील, आणि मग रिव्ह्यू हा टीमने टीमलाच दाखवलेला डेमो होऊन बसेल. म्हणून रिव्ह्यू त्यांच्या सकाळीच घ्यावा लागतो आणि मुंबईची संध्याकाळ त्यात जाते.

रेट्रोला फक्त टीम असते. तिथे बाहेरच्या कोणाची सोय बघायची नाही, त्यामुळे रिव्ह्यूत मुंबईने जे सोसलं त्याची भरपाई रेट्रोच्या वेळेत करता येते. दोन्ही बैठका एकत्र बांधल्या की ही एकमेव जागा हातची जाते.

दुसरं कारण थकव्याचं. मुंबईत आठला रिव्ह्यू सुरू झाला आणि नऊला रेट्रो, तर रेट्रोत मुंबईची माणसं जेवणाची वाट बघत असतात आणि सिएटलची नुकतीच कॉफी घेऊन बसलेली असतात. बोलणारे कोण असणार ते उघड आहे.

मग प्रत्यक्ष वेळापत्रक काय ठेवायचं?

रिव्ह्यू सिएटलच्या मंगळवारी सकाळी ७:३० वाजता, एक तास. मुंबईत तेव्हा मंगळवारचेच रात्रीचे ८ वाजलेले असतात, हिवाळ्यात ९.

रेट्रो सिएटलच्या बुधवारी संध्याकाळी ७:३० वाजता, ४५ मिनिटं. मुंबईत तो गुरुवार सकाळचे ८ असतो, हिवाळ्यात ९.

मधला पूर्ण दिवस मुद्दाम सोडला आहे. रिव्ह्यूनंतर लगेच येणारी सकाळ घेतली, म्हणजे मुंबईचा बुधवार सकाळी ८, तर सिएटलसाठी तो मंगळवारच राहतो. त्यांचा दिवस सकाळी साडेसातला सुरू होऊन रात्री सव्वाआठला संपतो. मुंबईलाही रात्री नऊला कॉल सोडून सकाळी आठला परत बसावं लागतं. मधला दिवस वाया जात नाही, कारण रेट्रोचं लेखन त्यातच होतं. त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

प्लॅनिंग मात्र त्याच गुरुवारी संध्याकाळी लावू नका. तसं केलं तर मुंबईचा गुरुवार सकाळी आठला सुरू होतो आणि रात्री नऊपर्यंत चालतो. शुक्रवारी मुंबईच्या सकाळी घ्या, तिकडे तेव्हा गुरुवारची संध्याकाळ असते. गुरुवारचा मुंबईचा दिवस स्टोरी लिहायला आणि अंदाज बांधायला कामी येतो.

वाटणी खरंच समान झाली हे कसं कळणार? ‘आम्हालाच जास्त त्रास’ असं दोघंही म्हणतात.

गुण मोजा. पद्धत अगदी साधी ठेवा, नाहीतर तिच्यावरच वाद होतील. बैठक त्या माणसाच्या घड्याळात सकाळी ९ ते संध्याकाळी ६ मध्ये पूर्ण बसत असेल तर शून्य. सकाळी ७:३० ते ९ किंवा संध्याकाळी ६ ते ८ मध्ये गेली तर एक. सकाळी ६ ते ७:३० किंवा रात्री ८ ते १० मध्ये गेली तर दोन. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ बंद, तिथे बैठक लावायचीच नाही. बैठकीचा जो भाग सगळ्यात गैरसोयीचा, त्याचे गुण पूर्ण बैठकीला.

आता उन्हाळ्यातला हिशेब करून बघा. दोन्ही बैठका मुंबईच्या रात्री आठपासून लागोपाठ घेतल्या, तर मुंबईला रिव्ह्यूचे दोन आणि रेट्रोचे दोन मिळून चार गुण पडतात. सिएटलला सकाळी साडेसातच्या रिव्ह्यूचा एक आणि साडेआठच्या रेट्रोचा एक मिळून दोन. सहा स्प्रिंटनंतर, म्हणजे साधारण तीन महिन्यांत, मुंबई २४ आणि सिएटल १२.

वर दिलेल्या वेळापत्रकात मुंबईला रिव्ह्यूचे दोन आणि सकाळी आठच्या रेट्रोचा एक, असे तीन. सिएटलला रिव्ह्यूचा एक आणि रेट्रोचे दोन, कारण सव्वाआठपर्यंत चालणारा रेट्रो आठ ओलांडतो. तेही तीन. सहा स्प्रिंटनंतर १८ आणि १८.

हिवाळ्यात रिव्ह्यू मुंबईत रात्री ९ ते १० होतो, गुण दोनच राहतात. रेट्रो सकाळी नऊला येतो, त्याचे शून्य. मुंबई दोन, सिएटल तीन. हा एक गुण मुंबईच्या बाजूने झुकतो, पण आकडा काही म्हणो, रात्री दहापर्यंतची बैठक घरच्यांना जड जातेच. त्यामुळे तो झुकाव तसाच राहू देणं योग्य.

हिशेबात डेली आणि प्लॅनिंगही धरा. वरचा शुक्रवार सकाळचा प्लॅनिंग सिएटलवर जादा भार टाकतो, आणि डेली जर रोज मुंबईच्या रात्री होत असेल तर तो भार कितीतरी पटीने मुंबईवर फिरतो. फक्त दोन बैठकांचे गुण समान दाखवून वाटणी समान झाली असं कोणाला सांगू नका.

मुंबईत रात्री आठऐवजी सातला घेतलं तर लवकर सुटता येईल ना?

सिएटलमध्ये तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, हे एक कारण. पण खुद्द मुंबईसाठीही सात ही वाईट वेळ आहे. बीकेसी किंवा अंधेरीहून सहाला निघालेला माणूस सात वाजता लोकलमध्ये असतो. डोंबिवलीच्या फास्टमध्ये दरवाजापाशी एका हाताने कडी धरून, कानात इअरफोन घालून तो ‘जॉइन’ झालेला दिसतो. यादीत नाव असतं, आवाज तुटत असतो, स्क्रीन दिसत नाही. त्याने बनवलेल्या फीचरवर प्रश्न आला की दुसऱ्या कोणालातरी उत्तर द्यावं लागतं.

आठची वेळ चालते ती घरी पोचून हातपाय धुऊन बसायला अवकाश मिळतो म्हणून. तेही कचेरी साडेपाचच्या सुमारास सोडली तर. सगळ्यात सोपं म्हणजे रिव्ह्यूचा मंगळवार मुंबईसाठी घरून कामाचा दिवस ठरवून टाकणं. पावसाळ्यात तर हे हवंच, कारण रुळांवर पाणी आलं की सायन–कुर्ल्यापुढे कोण कधी पोचेल ते सांगता येत नाही.

हिवाळ्यात रिव्ह्यू रात्री दहाला संपतो, तेव्हा कोणालाही त्यासाठी कचेरीत थांबवू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात महिला कर्मचाऱ्यांना रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत कामावर ठेवायचं असेल, तर त्यांची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन हे सगळं लागतं. वेळ ठरवणाऱ्याला ही अट माहीत असायला हवी. ‘दहा मिनिटांत संपेल’ म्हणत बैठक लांबवणं त्यामुळेही चुकीचं ठरतं.

रिव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी मुंबईचं लॉगिन अकराला, हे तोंडी न ठेवता टीमच्या कॅलेंडरवर लिहा. लिहिलेलं नसलं की कोणीतरी साडेनऊला कॉल लावतंच.

दर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये निम्मी टीम एक तास चुकीच्या वेळी येते. का?

कारण इनव्हाइट कोणत्या घड्याळाला बांधलं आहे हे कोणी पाहिलेलं नसतं. दर पंधरवड्याला येणारं इनव्हाइट ज्या टाइमझोनमध्ये बनतं, त्या टाइमझोनची वेळ कायम राहते आणि बाकीच्यांची सरकते. मुंबईच्या लीडने आपल्या कॅलेंडरमध्ये रात्री आठचं इनव्हाइट बनवलं, तर ते `Asia/Kolkata` ला बांधलं जातं. मुंबईत वर्षभर आठच दिसतं आणि सिएटलमध्ये उन्हाळ्यातलं साडेसात हिवाळ्यात साडेसहा होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रिव्ह्यूला स्टेकहोल्डर गायब असतात, त्याचं कारण बहुधा हेच.

स्टेकहोल्डर ज्यांच्याकडे, त्यांचं घड्याळ स्थिर ठेवा. आपल्या टीमसाठी दोन्ही इनव्हाइट `America/Los_Angeles` मध्ये बनवायची. सिएटल त्याच टाइमझोनमध्ये येतं, यादीत वेगळं नाव शोधू नका. मुंबईतून इनव्हाइट बनवत असाल तर तयार करतानाच टाइमझोन बदलायचा पर्याय उघडून हे नाव निवडा. आधीपासून चालू असलेल्या मालिकेत नुसती वेळ बदलली तर जुना टाइमझोन तसाच राहू शकतो, म्हणून जुनी मालिका बंद करून नवी बनवणं बरं.

खात्री करायची असेल तर इनव्हाइटची `.ics` फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. बरोबर बनलेल्या फाइलमध्ये असं दिसतं:

```
DTSTART;TZID=America/Los_Angeles:20260224T073000
RRULE:FREQ=WEEKLY;INTERVAL=2;BYDAY=TU
```

पहिल्या ओळीत `TZID` नसून शेवटी नुसता `Z` असेल (`20260224T153000Z`), तर मालिका यूटीसीला बांधलेली आहे. मग मुंबईत वर्षभर रात्रीचे नऊच राहतील आणि सिएटलमध्ये मार्चनंतर साडेसातचे साडेआठ होतील. स्क्रिप्टने बनवलेल्या इनव्हाइटमध्ये ही चूक नेहमी सापडते.

एखादी तारीख हाताने तपासायला लिनक्सवर ही आज्ञा पुरेशी आहे:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/Los_Angeles" 2026-03-10 07:30'
```

१० मार्चला उत्तर रात्रीचे ८ येतं. तारीख २४ फेब्रुवारी टाकली तर ९ येतं. मॅकवरच्या मूळ `date` मध्ये `-d` असं चालत नाही, तिथे कॅलेंडरमध्येच दुसरा टाइमझोन दाखवायची सोय सुरू करा.

आणि हे सगळं करूनही, बदल होण्याच्या आधीच्या शुक्रवारी टीमच्या चॅनेलवर एक ओळ टाका, मार्चमध्ये अशी: ‘मंडळी, येत्या मंगळवारचा रिव्ह्यू आपल्याकडे रात्री ९ ऐवजी ८ ला आहे, गुरुवारचा रेट्रो सकाळी ९ ऐवजी ८ ला.’ इनव्हाइट आपोआप सरकलेलं असतं. पण ज्यांनी त्या वेळेभोवती मुलांची शाळा आणि घरची कामं बसवली आहेत, त्यांना ते आधी कळायला हवं.

शुक्रवारी स्प्रिंट संपवायचा आणि सोमवारी नवा सुरू करायचा, हे स्वच्छ वाटतं. त्यात अडचण काय?

सिएटलच्या शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे मुंबईची शनिवार सकाळ, आणि मुंबईच्या सोमवारची सकाळ म्हणजे सिएटलची रविवार संध्याकाळ. आठवड्याच्या दोन्ही टोकांना सकाळचा स्लॉट वापरताच येत नाही, उरते फक्त मुंबईची रात्र. मंगळवार ते गुरुवार हे तीनच दिवस असे आहेत की दोन्ही दिशांचे स्लॉट बिनघोर वापरता येतात. सोमवारी रिव्ह्यू घेणंही टाळा, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच सरकारी सुट्ट्या सोमवारीच येतात.

एका तासात रिव्ह्यू बसवायचा कसा? आमचा डेमोच पन्नास मिनिटांचा होतो.

स्क्रम गाइडमध्ये एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी रिव्ह्यूला जास्तीत जास्त चार तास दिले आहेत आणि स्प्रिंट छोटा असेल तर वेळ सहसा कमी लागतो, असं म्हटलं आहे. दोन आठवड्यांसाठी लोक दोन तास धरतात. पण रात्री आठला दोन तास म्हणजे सकाळी नऊपासून तेरा तासांचा दिवस. म्हणून दाखवण्याचा भाग बैठकीच्या बाहेर काढा आणि बोलण्याचा आत ठेवा.

प्रत्येक पूर्ण झालेल्या स्टोरीची तीन ते पाच मिनिटांची स्क्रीन रेकॉर्डिंग ज्याने काम केलं त्यानेच करायची. ती सोमवारी मुंबईच्या संध्याकाळी सहापर्यंत एका पानावर टाकायची, प्रत्येकीखाली एक प्रश्न लिहून: ‘हा फिल्टर असाच हवा आहे का?’ ‘जुना रिपोर्ट बंद केला तर कोणाचं अडेल?’ सिएटल सोमवारी सकाळी उठतं तेव्हा पान तयार असतं आणि बघायला पूर्ण दिवस मिळतो. मंगळवारच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं स्प्रिंटचं ध्येय साधलं का यावर, पुढची पस्तीस त्या प्रश्नांवर, शेवटची पंधरा पुढे काय घ्यायचं यावर. प्रत्यक्ष चालवून दाखवायचं ते एकच, जे सगळ्यात जास्त वादाचं आहे ते.

त्या एका डेमोसाठी सर्व्हरची काळजी घ्या. नेहमीचा घोटाळा असा होतो: दुपारी कोणीतरी छोटीशी दुरुस्ती डेमोच्या सर्व्हरवर चढवतं, संध्याकाळी लोक निघून जातात, आणि रात्री आठला लॉगिनच होत नाही. मंगळवारी मुंबईच्या चारनंतर डेमो सर्व्हरवर काहीही चढवायचं नाही. साडेसहाला एकाने पूर्ण डेमो एकदा चालवून बघायचा, त्याच डेटावर आणि त्याच खात्याने. तरी रात्री अडलं, तर दुरुस्त करत बसू नका. रेकॉर्डिंग लावा आणि पुढे जा. आठ जण वाट बघत असताना एकाने लॉग वाचायचे, यात रिव्ह्यू हातचा जातो.

रेट्रोत मुंबईची बाजू गप्प बसते. वेळ बदलून हे सुटेल?

काही प्रमाणात. सकाळी आठला माणसं ताजी असतात आणि फरक पहिल्या दोन रेट्रोतच दिसतो. पण गप्प राहण्यामागे वेळेशिवाय आणखी एक कारण असतं: समोरच्यांची मातृभाषा इंग्रजी, वेग जास्त, आणि प्रॉडक्ट ओनर तिथेच बसलेला. त्यावर उपाय म्हणजे आधी लिहायचं आणि मग बोलायचं.

रिव्ह्यू संपला की रेट्रोचा बोर्ड उघडा आणि रेट्रोच्या एक तास आधी बंद करा. दोन्ही शहरांना प्रत्येकी निदान एक पूर्ण कामाचा दिवस मिळतो. या काळात कार्डं झाकलेली ठेवा, फक्त लिहिणाऱ्याला आपली दिसावीत. बहुतेक रेट्रो टूल्समध्ये ही सोय असते. हे का, तर मुंबईचा बुधवार आधी उगवतो. मुंबईची कार्डं उघडी राहिली, तर सिएटल ती वाचून त्यांच्यावर प्रतिक्रिया लिहितं, स्वतःचं लिहीत नाही. पुढच्या वेळी मुंबईही जपून लिहायला लागते. झाकलेल्या बोर्डावर एकच तक्रार दोन्ही शहरांनी वेगवेगळी लिहिलेली निघाली, की ती खरी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

बोर्ड बंद झाला की स्क्रम मास्टरने सारखी कार्डं एकत्र करायची. बैठकीच्या ४५ मिनिटांतली पहिली पाच वाचायला आणि मत द्यायला, नंतरची तीस वरच्या दोन विषयांवर, शेवटची दहा कृती ठरवायला. विषय दोनच घ्या. तिसरा घेतला की सिएटलचे रात्रीचे साडेआठ होतात आणि ठरलेल्या कृतीला कोणी हरकत घेत नाही, कारण प्रत्येकाला उठायचं असतं. असं घाईत ठरलेलं पुढच्या स्प्रिंटमध्ये कोणी पाळत नाही.

बोलायला सुरुवात मुंबईने करायची, आणि कार्ड ज्याने लिहिलं त्याला बोलायची सक्ती करायची नाही.

आमच्या टीममध्ये एक टेस्टर वॉर्सात आहे. तिचं काय?

रिव्ह्यू तिच्यासाठी छान आहे, दुपारचे साडेचार. रेट्रो मात्र तिच्या गुरुवारी पहाटे साडेचारला पडतो आणि आपल्या नियमात ती वेळ बंद आहे. इथे सकाळचा स्लॉट सोडावाच लागतो. रेट्रो सिएटलच्या बुधवारी सकाळी साडेसातला घ्या, मुंबईत बुधवार रात्रीचे आठ. मग मुंबईला प्रत्येक स्प्रिंटमध्ये चार गुण पडतात आणि ते बैठकीच्या वेळेतून फेडता येत नाहीत. फेड दुसरीकडून करा: त्या आठवड्यात मुंबईचे बुधवार आणि गुरुवार अकराला सुरू होतील, आणि प्लॅनिंग मुंबईच्या सकाळीच राहील. तिथे वॉर्साची टेस्टर लेखी मुद्दे देईल.

दर दुसऱ्या रेट्रोला तिने फक्त लिहून पाठवावं, हा पर्याय बऱ्याचदा सुचवला जातो. तो घेऊ नका. नऊ जण बोलतात आणि एकीची चिठ्ठी वाचून दाखवली जाते, असं झालं की दोन महिन्यांत तिच्या चिठ्ठ्या एका ओळीवर येतात.

युरोपात घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं, २०२६ मध्ये २९ मार्चला. अमेरिकेनंतर तीन आठवड्यांनी. त्यामुळे १० आणि २४ मार्चच्या रिव्ह्यूला तिला साडेचारऐवजी साडेतीनला यावं लागेल. युरोपातलं घड्याळ २५ ऑक्टोबरला मागे येतं, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातही तसंच होतं, पण या मालिकेतला रिव्ह्यू त्या आठवड्यात येत नाही.

रेकॉर्डिंग करावं का?

रिव्ह्यूचं जरूर. रेट्रोचं कधीच नाही. रेट्रोला कोणी येऊ शकलं नाही तर ठरलेल्या कृती लिहून पाठवा आणि २४ तास हरकतीसाठी ठेवा. गैरहजर माणसाने हरकत घेतली, तर ती कृती पुढच्या रेट्रोपर्यंत थांबते.

ही वेळ चालत नाही हे कशावरून ओळखायचं?

तीन स्प्रिंट, म्हणजे सहा आठवडे चालवून बघा आणि मग चार गोष्टी तपासा. पहिली, रिव्ह्यूला स्टेकहोल्डर येतात का आणि प्रश्न विचारतात का. नुसते येत असतील तर सोमवारचं पान कोणी उघडलेलं नाही. दुसरी, रेट्रोत कार्डं लिहिणारे आणि बोलणारे यांच्यात शहरानुसार किती तफावत आहे. मुंबईची बारा कार्डं आणि बोलणारा एकच, असं दिसलं तर वेळेपेक्षा बैठक चालवण्याची पद्धत बदला. तिसरी, ठरलेल्या कृती कोणाच्या नावावर आहेत. सगळ्या एकाच शहराच्या असतील तर दुसरं शहर फक्त हजेरी लावतंय.

चौथी सहज निसटते, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्या. रेट्रोच्या दुसऱ्या दिवशी मुंबईच्या आपापसातल्या मराठी गप्पांत काय येतं ते ऐका. ‘ते काल मला पटलं नव्हतं, पण उशीर झाला होता’ हे वाक्य दोनदा कानावर आलं, तर स्लॉट बदला. गुणांचा हिशेब समान दिसत असला तरी बदला.

कोणाला ही वेळ मुळीच जमत नसेल तर?

आधी खासगीत विचारा, सगळ्यांसमोर मत घेऊ नका. सकाळी आठला घरात पाणी भरायचं असतं, मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं असतं, आईला डायलिसिसला न्यायचं असतं. ही कारणं कोणी ग्रुपवर लिहीत नाही, ‘चालेल’ असं लिहितं. प्रत्येकाकडून एकच माहिती घ्या: आठवड्यातल्या कोणत्या वेळा अजिबात नकोत. कारण विचारू नका. दोनपेक्षा जास्त जणांना तीच वेळ नको असेल तर अर्धा तास सरकवा. सकाळचा रेट्रो ७:३० ला घेतला तरी मुंबईचा गुण एकच राहतो, आणि सिएटलचा कॉल पावणेआठला संपत असल्यामुळे त्यांचेही दोनचा एक होतो. रात्रीचा रिव्ह्यू सरकवताना मात्र हिवाळ्यात तो दहाच्या पुढे जाणार नाही हे बघा.

सुट्ट्या आल्या की काय करायचं?

रिव्ह्यू पुढे ढकलू नका, एक दिवस अलीकडे घ्या. पुढे ढकलला की रेट्रो, प्लॅनिंग आणि पुढचा स्प्रिंट सगळंच घसरतं. विसर्जनाच्या दिवशी मुंबईची संध्याकाळ धरूच नका. रस्ते बंद असतात, आणि घरून जोडलेल्यालाही ढोल-ताशांमुळे बोलता येत नाही. तिकडचा थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि आदल्या बुधवारी संध्याकाळी लोक प्रवासात असतात, म्हणजे नेमका आपला रेट्रोचा स्लॉट. १० मार्च २०२६ पासून दर दुसऱ्या मंगळवारची मालिका धरली, तर रिव्ह्यू १७ नोव्हेंबर आणि १ डिसेंबरला येतात आणि तो आठवडा आपसूक मोकळा राहतो. तुमची मालिका एक आठवड्याने सरकलेली असेल, तर त्या एका वेळी रेट्रो सिएटलच्या सोमवारी संध्याकाळी, म्हणजे मुंबईच्या मंगळवारी सकाळी घ्या, आणि रिव्ह्यू आधीच्या गुरुवारी उरकून टाका.